लादी मोजून काढलेली खोली

जर्मनीतल्या वायमार शहरात 1923 साली बाउहाउस या कलाशाळेचे संचालक वॉल्टर ग्रोपियस यांनी स्वतःचं कार्यालय नव्यानं मांडलं. पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि पाच मीटर उंच अशा घनाच्या कल्पनेवर ती खोली बेतलेली होती. त्याच वर्षी हर्बर्ट बायर यांनी तिचं आयसोमेट्रिक चित्र काढलं, आणि पुढे लुशिया मोहोली यांनी त्याच खोलीचा फोटो टिपला. चित्र आणि फोटो शेजारी ठेवून पाहिले, तर एकच खोली दोन वेगवेगळ्या स्वभावांची वाटते. फोटोत भिंती आणि सामानाच्या कडा मागे मागे जाताना एकमेकींकडे झुकतात, आणि जवळची वस्तू मोठी तर लांबची लहान होते. बायर यांच्या चित्रात कोणतीच रेषा कोणाकडे झुकत नाही. गालिचा, टेबल, खुर्च्या, छताखालचे बारीक नळ्यांचे दिवे, सगळे तीनच दिशांना बांधलेले आहेत. मागच्या कोपऱ्यातली वस्तू पुढच्या वस्तूएवढ्याच मापात उभी आहे.

फोटोवरून खोलीचं असं छोटेखानी चित्र काढणाऱ्याची पहिली अडचण या फरकातच असते. हातात जे साधन आहे ते यथादर्शनाच्या नियमानं चालतं, आणि जे काढायचं आहे त्यात यथादर्शनाला जागा नाही. म्हणून फोटोवर पारदर्शक कागद ठेवून खोली गिरवायला बसलेल्या माणसाचं चित्र हमखास फसतं. पलंगाची पुढची कड 30 अंशांत बसते, मागची 22 अंशांत जाते, कपाट तिसरीकडेच कलतं आणि खोली भूकंपानंतरची दिसू लागते. फोटोतून मापं घ्यायची आणि चित्र कोऱ्या कागदावर नव्यानं उभं करायचं, हा एकच रस्ता आहे. या लेखाचा बहुतेक भाग ती मापं घेण्यावर खर्च होणार आहे, कारण शिकवताना नेमका तोच भाग सुटतो. तीस अंशांच्या रेषा ओढायला कंपासपेटीतला गुण्या पुरतो.

आधी या पद्धतीच्या जन्माविषयी थोडं. केंब्रिज विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम फॅरिश यंत्रांवर व्याख्यानं देत. दरवेळी त्यांचे मदतनीस सुट्या भागांतून यंत्राची प्रतिकृती जोडत आणि व्याख्यान संपलं की मोडून ठेवत. कोणता भाग कुठे बसतो हे मदतनिसांना एका नजरेत कळावं, शिवाय चित्रावरून मापही घेता यावं, अशी रेखाटनपद्धत त्यांना हवी होती. ती त्यांनी 1822 साली शोधनिबंधातून मांडली. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशा कागदावर एकमेकींशी 120 अंशांचा कोन करतात, आणि तिन्हींवर एकच मोजपट्टी चालते. काटेकोर भूमितीप्रमाणे तिन्ही दिशांची मापं मुळाच्या सुमारे 82 टक्के भरतात. पण घट सगळीकडे सारखीच असल्यानं चित्रकार ती सोडून देतो आणि सरळ पूर्ण माप घेतो. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंग शीटवर मराठी मुलं ठोकळे काढतात, ते याच नियमानं. छप्पर उचलून घरात वरून डोकावण्याची कल्पना मात्र फॅरिश यांच्याही फार आधीची आहे. गेंजीच्या कथेवरच्या बाराव्या शतकातल्या जपानी चित्रगुंडाळ्यांत घरांवर छप्परच नाही, आणि खोल्या तिरप्या समांतर रेषांत उघड्या पडलेल्या आहेत.

आता एक खोली घेऊ. डोंबिवलीतल्या किंवा गिरगावातल्या जुन्या इमारतीत सहज सापडेल अशी, 10 फूट रुंद आणि 12 फूट लांब. फोटो दारात उभं राहून काढलेला आहे. समोरच्या भिंतीला खिडकी, खिडकीखाली पायाचं शिलाई मशीन, त्याच भिंतीच्या उजव्या टोकाला लोखंडी कपाट. डाव्या भिंतीला लागून दिवाण आणि दिवाणाच्या वर घड्याळ. मध्ये एक स्टूल, वर पंखा. खाली मोझॅकच्या लाद्या.

सगळ्यात मोलाची वस्तू या लाद्याच. जुन्या इमारतींत मोझॅकची लादी बहुतेक वेळा 10 इंच चौरस असते. फोटोत खोलीच्या रुंदीत 12 लाद्या दिसल्या की 120 इंच, म्हणजे 10 फूट, हे टेप न लावता कळतं. लांबीत 14 पूर्ण लाद्या आणि भिंतीपाशी एक कापलेली, म्हणजे जवळजवळ 12 फूट. फोटोनं जमीन कितीही दाबली-ताणली तरी लाद्यांची संख्या बदलत नाही. दिवाणाचा पाय कितव्या लादीवर आहे, कपाट भिंतीपासून किती लाद्या पुढे येतं, हे डोळ्यांनी मोजायचं आणि कागदावर तितक्याच घरांवर मांडायचं. नव्या घरात व्हिट्रिफाइड टाइल्स असतील तर त्या अनेकदा 2 फुटी असतात, मोजणी तीच. गुळगुळीत सिमेंटची जमीन असेल तर माप माहीत असलेली एखादी वस्तू शोधावी लागते, आणि तिथून पुढे अंदाज वाढत जातो.

कागदावर 5 मिलिमीटरच्या आयसोमेट्रिक जाळीचं एक घर म्हणजे एक लादी, असं ठरवलं तर खोलीच्या दोन कडा 6 आणि 7.2 सेंटिमीटरच्या होतात. भिंती 10 फूट उंच धरल्या तर संपूर्ण चित्र सुमारे साडेअकरा सेंटिमीटर रुंद आणि साडेबारा सेंटिमीटर उंच भरतं. तळहातावर मावेल, भातुकलीसारखं वाटेल आणि तरीही घड्याळ काढायला जागा उरेल, असं हे माप आहे. एक लादी एक सेंटिमीटरची केली, तर तीच खोली ए-फोर कागदाबाहेर जाते. निम्मं काम झाल्यावर हे लक्षात येण्यापेक्षा आधीच गुणाकार केलेला बरा.

जमिनीचा हिशेब लाद्यांनी सुटला, पण उंचीचं काय? भिंतीवर लाद्या नसतात. इथे फोटोतच दडलेली एक गोष्ट कामी येते, आणि ती कळली की फोटो वाचण्याची रीतच बदलते. फोन सरळ धरून फोटो काढला असेल, म्हणजे वर-खाली कललेला नसेल, तर फोटोतल्या लाद्यांमधल्या, खोलीच्या लांबीच्या दिशेनं जाणाऱ्या दोन फटी पट्टीनं पुढे वाढवाव्यात. त्या जिथे मिळतात तिथून एक आडवी रेषा ओढावी. ही क्षितिजरेषा. फोन जमिनीपासून जितका उंच धरला होता, नेमक्या तितक्याच उंचीवर ही रेषा खोलीतल्या प्रत्येक उभ्या वस्तूला छेदते. वस्तू पुढे असो की मागे, फरक पडत नाही. फोन 5 फुटांवर होता असं समजा. मग कोणत्याही वस्तूच्या पायथ्यापासून क्षितिजरेषेपर्यंतचं फोटोवरचं अंतर म्हणजे खरे 60 इंच.

छापील फोटोवर शिलाई मशीनच्या पायथ्यापासून क्षितिजरेषेपर्यंत अडीच सेंटिमीटर भरतात, आणि पायथ्यापासून मशीनच्या फळीपर्यंत सव्वा. म्हणजे फळी बरोबर निम्म्या उंचीवर, 30 इंच. कपाट मागच्या उजव्या कोपऱ्यात आहे. त्याच्या पायथ्यापासून रेषेपर्यंत अडीच सेंटिमीटर, आणि माथा रेषेच्या वर पाऊण सेंटिमीटर. एकूण सव्वातीन भागिले अडीच, गुणिले 60, म्हणजे 78 इंच, साडेसहा फूट. दिवाण दाराच्या जवळ आहे. त्याच्या पायथ्यापासून रेषेपर्यंत 6 सेंटिमीटर, गादीची कड 1.8 वर. म्हणजे 18 इंच.

या तीन आकड्यांकडे पुन्हा पाहावं. फोटोवर दिवाण 1.8 सेंटिमीटर उंच दिसतो आणि कपाट 3.25. डोळ्याला कपाट दिवाणाच्या दुपटीहूनही कमी वाटतं. प्रत्यक्षात ते चौपटीहून उंच आहे. फोटोवरून ‘नजरेनं’ काढलेल्या चित्रांत मागचं कपाट खुजं आणि पुढचा पलंग राक्षसी का होतो, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

खोली आता अस्तित्वात नसेल तर? मुंबईत हा प्रश्न रोजचा आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या 1920 च्या दशकातल्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे, आणि तिथल्या 160 चौरस फुटांच्या खोल्या एकेक करून फोटोंपुरत्या उरत आहेत. अशा जुन्या फोटोत कॅमेऱ्याची उंची कोणालाच आठवत नाही. पण चौकटीत दार दिसत असेल, तर गणित उलट फिरवता येतं. दार साधारण 7 फुटांचं धरलं आणि क्षितिजरेषा त्याच्या सात भागांपैकी पाचव्या भागाच्या टोकाला छेदत असेल, तर कॅमेरा 5 फुटांवर होता. दार खरंच 7 फुटांचं होतं का, हे घरातल्या एखाद्या उंच माणसाला विचारून पडताळावं. वाकून आत जावं लागत होतं, असं तो म्हणाला तर आकडा खाली आणावा.

फोटोचेही काही दोष असतात. फोनवरच्या 0.5x लेन्सनं छोटी खोली एका चौकटीत मावते खरी, पण कडेच्या वस्तू बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात आणि वर सांगितलेली मापं कडेला चुकू लागतात. नेहमीची लेन्स वापरून समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून दोन फोटो घेणं अधिक उपयोगाचं. एकात जे झाकलं जातं ते दुसऱ्यात दिसतं. फोन खाली कलवला असेल तर भिंतींच्या उभ्या कडा खालच्या बाजूला एकत्र येऊ लागतात. तसं दिसलं की क्षितिजरेषेच्या मापांवर पूर्ण भरवसा ठेवू नये.

मापं हातात आली की ती लाद्यांत बदलायची. दिवाण 6 फूट बाय 3 फूट, उंची दीड फूट, म्हणजे 7.2, 3.6 आणि 1.8 घरं. इथे सुलभीकरण सुरू होतं, आणि ते डोळ्यांनी नव्हे तर आकड्यांनी केलं तर चित्र नीटस राहतं. प्रत्येक माप जवळच्या अर्ध्या घरावर आणावं. दिवाण 7 बाय 3.5 बाय 2 झाला. कपाट 3.5 रुंद, 2 खोल, 8 उंच. मशीनची फळी 3 उंच. आता सगळ्या वस्तूंच्या कडा जाळीच्या रेषांवर किंवा त्यांच्या बरोबर मध्ये पडतात, आणि शेजारशेजारच्या वस्तू एकाच हातानं घडवल्यासारख्या दिसतात. जागा मात्र सोपी करू नये. दिवाण आणि मशीन यांच्यामध्ये खरोखर एकाच लादीची वाट असेल, तर चित्रातही एकच हवी. त्या खोलीत राहिलेला माणूस चित्र ओळखतो तो त्या अरुंद वाटेवरून.

प्रत्येक वस्तू आधी ठोकळा म्हणून काढायची आणि मग कोरायची. कपाटाला ठोकळ्याशिवाय फारसं काही लागत नाही. मधली फट आणि मूठ पुरते. शिलाई मशीनच्या लोखंडी नक्षीदार पायांचा मोह आवरावा. दोन बाजूंना दोन पट्ट्या, एक चाक, वर मशीनची ती वाकलेली मान, एवढ्यात ते ओळखू येतं. अर्ध्या लादीहून, म्हणजे 5 इंचांहून लहान वस्तू साधारणपणे गाळावी. देवघरातली समई किंवा खिळ्याला लटकलेलं कॅलेंडर याला अपवाद, कारण खोलीची ओळख त्यांच्यात असते. काय ठेवायचं आणि काय गाळायचं, एवढ्यापुरता चित्रकाराला आपल्या नजरेवर विसंबण्याचा पूर्ण अधिकार आहे.

तिरक्या गोष्टींपाशी कोन सांभाळणाऱ्यांचीही गफलत होते. आरामखुर्चीची पाठ 45 अंशांत कललेली आहे म्हणून कागदावर कोनमापक लावून 45 अंश काढले, तर खुर्ची मोडल्यासारखी दिसते. या पद्धतीत माप फक्त तीन मूळ दिशांनाच खरं असतं. इतर दिशांची लांबी आणि कोन दोन्ही बदलतात. म्हणून पाठीचं खालचं टोक किती लाद्या आत आणि वरचं टोक किती लाद्या मागे, किती घरं उंच, एवढंच मोजायचं. दोन बिंदू जाळीवर ठेवून ते रेषेनं जोडायचे. जो कोन येईल तो बरोबर.

वर्तुळाचंही तसंच. डाव्या भिंतीवरचं घड्याळ उभट अंड्यासारखं काढलं की ते भिंतीपासून सुटून हवेत तरंगतं. आधी भिंतीच्या दिशांना धरून घड्याळाचा चौरस काढावा, जो कागदावर समभुज चौकोन होतो. चारही बाजूंचे मध्यबिंदू घ्यावेत आणि त्यांना स्पर्श करणारी लंबगोल रेषा हातानं फिरवावी. तिचा लांब व्यास आपोआप तिरका येतो. स्टुलाच्या गोल बैठकीचा लांब व्यास मात्र आडवाच येतो, कारण ती जमिनीला समांतर आहे. चित्र उलटं धरून पाहिलं की चुकीचा लंबगोल लगेच खटकतो.

कोणत्या दोन भिंती ठेवायच्या हा निर्णय कागदावर पहिली रेघ पडण्याआधी घ्यावा. आयसोमेट्रिकमध्ये एक घर उंची आणि तिरप्या रेषेत एक लादी मागे जाणं, या दोन्ही गोष्टी कागदावर अगदी एकाच बिंदूवर पोचतात. म्हणून 8 घरं उंच कपाट आपल्या मागच्या तिरप्या रेषेतल्या 8 लाद्या झाकतं. आपल्या खोलीत खिडकीची आणि दिवाणाची भिंत ठेवली, तर कपाट मागे राहतं आणि फक्त भिंतीचा तुकडा झाकतं. समोरच्या बाजूनं पाहायचं ठरवलं असतं, तर तेच कपाट पुढे येऊन त्यानं खोलीचा मोठा भाग गिळून टाकला असता.

पंख्याची गोष्ट याहून गमतीची आहे. तो खोलीच्या मधोमध, जमिनीपासून 11 घरं वर टांगलेला आहे. मध्य म्हणजे डाव्या भिंतीपासून 6 लाद्या आणि खिडकीच्या भिंतीपासून 7.2 लाद्या. दोन्हींतून आणि उंचीतून 6 वजा केले की पंखा कागदावर कुठे दिसेल ते कळतं: डाव्या भिंतीवर, कोपऱ्यापासून जेमतेम सव्वा लादीवर, जमिनीपासून चार फूट वर. छत तर काढून टाकलेलं आहे, त्यामुळे पंखा भिंतीला चिकटवलेल्या फुलासारखा भासतो. जमिनीवर त्याची सावली टाकली तर थोडं सावरतं. पण अशा लहान चित्रातून पंखा वगळणंच शहाणपणाचं आहे.

संगणकावर काम करणाऱ्यांना आणखी एक सूचना. पिक्सेलवर चालणारी चित्रं बहुधा दोन पिक्सेल आडवं आणि एक वर अशा उतारावर काढतात. तो कोन 30 नव्हे, साधारण 26.6 अंश असतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक आहेत. मात्र खोली एका कोनात काढून एखादं तयार टेबल दुसऱ्या कोनातलं आणून ठेवलं, तर ते कलंडलेलं दिसतं. आपल्या खोलीच्या लांब भिंतीवर हे दोन कोन एकाच बिंदूपासून सुरू केले, तर दुसऱ्या टोकाला जवळजवळ एका पूर्ण लादीचा फरक पडतो.

रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्रत्येक वस्तूची वरची बाजू सगळ्यात फिकी, एका हाताची बाजू मध्यम, दुसऱ्या हाताची गडद, आणि हा क्रम पहिल्या कपाटापासून शेवटच्या स्टुलापर्यंत न बदलणारा. फोटोतला खिडकीचा उजेड कुठूनही येत असला तरी.

ज्यांच्या घरातली जुनी खोली अजून उभी आहे, त्यांनी एवढं जरूर करावं: दारात सरळ उभं राहून फोन छातीपाशी धरावा, फोनची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजावी, एका लादीची बाजू मोजावी, आणि हे दोन आकडे छापील फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवावेत. खोली पाडल्यानंतर वीस वर्षांनीही तेवढ्यावरून तिचं चित्र लादी-लादीनं उभं करता येतं.